विद्युत् - यांत्रिक साम्य (सरळ रेषेतील गती)

विद्युत् - यांत्रिक साम्य : रोध, वेटोळे व धारित्र यांचे विद्युत् मंडल आणि सरळ रेषेत हलणारी वस्तुमान-स्प्रिंग-डॅम्पर प्रणाली यांची विकल समीकरणे एकाच साच्याची असतात. त्यामुळे एकीचे ट्रान्सफर फंक्शन माहीत असेल, तर अक्षरे बदलून दुसरीचे लिहिता येते. अक्षरे बदलण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. बल-दाब साम्यात बलाच्या जागी विद्युत् दाब आणि वेगाच्या जागी प्रवाह येतो, तर बल-प्रवाह साम्यात बलाच्या जागी प्रवाह आणि वेगाच्या जागी दाब येतो.

वस्तुमान M, डॅम्परचा गुणांक B, स्प्रिंगचा स्थिरांक K, वस्तुमानावरील बल F आणि त्याचे विस्थापन X असे घेतल्यास, सुरुवातीची स्थिती शून्य धरून लाप्लास रूपांतराने मिळते :

X/F = 1/(Ms² + Bs + K)

तिन्ही घटकांना एकच वेग असतो आणि त्यांच्या बलांची बेरीज F इतकी होते. बल-दाब साम्यात याचा अर्थ असा की तिन्हींतून एकच प्रवाह जातो आणि त्यांच्या दाबांची बेरीज पुरवलेल्या दाबाइतकी होते. म्हणजेच हे एकसरी जोडणीचे मंडल आहे. यात M ची जागा L, B ची R, K ची 1/C आणि विस्थापनाची जागा विद्युत् भार q घेतो :

Q/V = 1/(Ls² + Rs + 1/C)

नेमकी चूक होते ती येथे. मंडलाच्या अभ्यासात धारित्रावरील दाब Vc हे आउटपुट धरण्याची सवय असते आणि त्याचे ट्रान्सफर फंक्शन Vc/V = 1/(LCs² + RCs + 1) असते. ते X/F शी जुळवून टाकले जाते; पण Vc हा q/C असल्याने तो विस्थापनाशी जुळत नाही, स्प्रिंगमधील बलाशी म्हणजे KX शी जुळतो. s = 0 ठेवले की चूक लगेच दिसते. Vc/V ची किंमत 1 येते, X/F ची 1/K. छेद एकसारखे दिसले तरी अंश तपासल्याशिवाय साम्य पूर्ण झाले असे मानू नये.

साम्याची खरी परीक्षा दोन वस्तुमानांच्या प्रणालीत होते. घर्षणरहित पृष्ठभागावर M1 व M2 ही वस्तुमाने स्प्रिंग K आणि डॅम्पर B यांनी जोडलेली आहेत आणि बल M1 वर आहे, असे समजू. आकृतीत स्प्रिंग व डॅम्पर समांतर काढलेले असतात. म्हणून बल-दाब साम्यातही R व C समांतर जोडावेत असे वाटते, पण ते चूक आहे. दोघांच्या टोकांमधला सापेक्ष वेग एकच असल्याने दोघांतून एकच प्रवाह जायला हवा; म्हणून ते एकसरी जोडून दोन जाळ्यांच्या सामाईक शाखेत बसवावे लागतात, तर L1 व L2 आपापल्या जाळीत राहतात. Bs + K ला G म्हटले, तर दोन समीकरणे अशी :

(M1s² + G)X1 − GX2 = F
−GX1 + (M2s² + G)X2 = 0

यावरून :

X2/F = (Bs + K) / (s²[M1M2s² + (M1 + M2)(Bs + K)])

s अगदी लहान असताना हे 1/((M1 + M2)s²) कडे झुकते. सावकाश ढकलले तर दोन्ही वस्तुमाने एकाच ठोकळ्यासारखी सरकतात, हे त्यातून दिसते. विद्युत् बाजूला L1 व L2 एकसरी येऊन त्यांची बेरीज होते.

बल-प्रवाह साम्यात उलटसुलट करावे लागत नाही. प्रत्येक वस्तुमान हा एक नोड. M1 व M2 च्या जागी त्या नोडापासून भूमीपर्यंत धारित्र. मध्ये 1/B इतका रोध आणि 1/K इतके वेटोळे समांतर. यांत्रिक आकृती व मंडल यांची बांधणी एकच राहते. धारित्राचे एक टोक भूमीलाच का जोडायचे? कारण न्यूटनच्या नियमातील त्वरण जमिनीच्या सापेक्ष मोजलेले असते. वस्तुमानाचे दुसरे टोक नेहमी तेथेच असते.

उगम व मतभेद : साम्याची कल्पना नेमकी कोणाची, हे ‘साम्य’ म्हणजे काय समजायचे यावर अवलंबून आहे. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५३ मध्ये धारित्राच्या आंदोलित विसर्जनाचे समीकरण सोडवले. त्याचा साचा अवमंदित लंबकाचाच आहे. मॅक्सवेल यांनी १८६५ च्या निबंधात प्रवाहाला संवेगासारखी राशी जोडली आणि प्रवर्तकत्वाला जडत्वाचे रूप दिले. पण मॅक्सवेल यंत्रांच्या आधारे विजेचे स्पष्टीकरण करीत होते. यंत्राचा अभ्यास मंडलाच्या रीतीने करण्याची उलटी दिशा पुढची आहे. त्यासाठी आधी मंडलशास्त्र तयार व्हावे लागले. इंपीडन्स ही संज्ञा हेव्हिसाइड यांनी १८८६ मध्ये दिली आणि टेलिफोनच्या गरजेतून गाळणी-मंडलांचा सिद्धांत वाढला. बेल प्रयोगशाळेतील मॅक्सफील्ड व हॅरिसन यांनी १९२६ मध्ये हाच सिद्धांत ग्रामोफोनच्या यांत्रिक भागांना लावला. यंत्राचा अभ्यास मंडलाच्या रीतीने करणे या अर्थाने साम्याची सुरुवात येथून धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

त्या काळी वापरात होते ते बल-दाब साम्य. त्याला पर्याय म्हणून जर्मनीत हेनले यांनी सुमारे १९३२ मध्ये, आणि मिशिगन विद्यापीठातील फायरस्टोन यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे बल-प्रवाह साम्य मांडले. फायरस्टोन यांचा युक्तिवाद मोजमापावर उभा होता : वेग दोन बिंदूंच्या ‘आरपार’ मोजतात, दाबही तसाच, बल घटकाच्या ‘मधून’ जाते, प्रवाहही तसाच. बल-दाब पक्षाचे म्हणणे असे की बल हे कारण व वेग हा परिणाम, जसा दाब व प्रवाह. शिवाय इंपीडन्सचा अर्थ तसाच राहतो. गणिताने निवाडा होत नाही, कारण दोन्हींतून तेच X2/F येते. मात्र जाळी-समीकरणांची रीत सपाट, शाखा न छेदणाऱ्या मंडलांनाच लागू पडते, ही अडचण बल-दाब बाजूलाच आहे. म्हणून अनेक वस्तुमानांच्या प्रणालींना बल-प्रवाह रीत सोयीची.

मंडल प्रत्यक्ष जुळवणे : M = 2 किग्रॅ., B = 4 न्यूटन-सेकंद/मीटर, K = 200 न्यूटन/मीटर घेतल्यास नैसर्गिक कोनीय वारंवारता १० रेडियन प्रतिसेकंद आणि अवमंदन गुणोत्तर ०.१ येते. सरळ अक्षरे बदलली तर L = 2 हेन्री आणि C = 5000 मायक्रोफॅरड लागतात; प्रयोगशाळेत हे अवघड. म्हणून काळ हजार पट वेगवान आणि इंपीडन्स ५० पट करावा : L चे मूल्य ५० ने गुणून १००० ने भागायचे, R चे ५० ने गुणायचे, C चे ५०,००० ने भागायचे. मग L = 100 मिलिहेन्री, R = 200 ओहम, C = 0.1 मायक्रोफॅरड मिळतात. गुणोत्तर ०.१ च राहते, वारंवारता १०,००० रेडियन प्रतिसेकंद म्हणजे सुमारे १.५९ किलोहर्ट्झ होते. वेटोळ्याच्या तारेचा रोध या २०० ओहममध्येच धरायचा असतो. तो विसरला की प्रत्यक्ष अवमंदन जास्त होते. पायरीसारख्या दाबाला ७३ टक्के अपेक्षित असलेली उसळी दोलनदर्शकावर कमी दिसते.

साम्य रेषीय घटकांपुरतेच आहे. कोरडे घर्षण वेगाच्या प्रमाणात नसते, म्हणून त्याला सरळ रोध देता येत नाही. तरफ आली की ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि भूमीला न जोडलेल्या धारित्राला बल-प्रवाह साम्यात बराच काळ यांत्रिक जोडीदार नव्हता. केंब्रिजचे माल्कम स्मिथ यांनी २००२ मध्ये मांडलेला ‘इनर्टर’, ज्यात दोन टोकांच्या सापेक्ष त्वरणाच्या प्रमाणात बल निर्माण होते, ती रिकामी जागा भरतो.