बेअर पुट स्प्रेड: विकलेल्या पुटमागचा इतिहास

शेअर पडणार असं वाटलं की पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, घ्यायचा, हा सरळ मार्ग. अडचण प्रीमियमची, म्हणजे या हक्कासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीची असते. अंदाज बरोबर निघतो, शेअर पडतोही, पण त्या पडझडीतला बराचसा भाग प्रीमियम वसूल होण्यातच जातो. म्हणून मंदीवाले एक जोडसौदा करतात: एक पुट घ्यायचा आणि मुदत त्याच दिवशी संपणारा, म्हणजे त्याच एक्स्पायरीचा, पण खालच्या स्ट्राइकचा, म्हणजे खालच्या ठरलेल्या भावाचा दुसरा विकायचा. विकलेल्या पुटचे पैसे घेतलेल्याच्या खर्चातून वजा होतात. हाच बेअर पुट स्प्रेड. आज तो एका ऑर्डरमध्ये होतो, पण पुट शेकडो वर्षं जुना असूनही ही जोडी जमायला 1977 उजाडावं लागलं.

अमेरिकेत 1973 पूर्वी शेअरवरचे ऑप्शन एक्सचेंजवर नव्हते. पुट-कॉल डीलर फोनवरून घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून देत. मुदत साधारणपणे 95 दिवस किंवा 6 महिने 10 दिवस अशी असे आणि स्ट्राइक बहुतेक वेळा सौदा झाला त्या क्षणीचा बाजारभाव. त्यामुळे एका ग्राहकाचा करार दुसऱ्याच्या कराराशी जुळत नसे. सकाळी घेतलेल्या पुटचा स्ट्राइक वेगळा, दुपारच्याचा वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्याची मुदतही एक दिवस पुढची. हातातला करार विकायचा तर डीलर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गिऱ्हाईक शोधे. अशा बाजारात एक पुट घेऊन त्याच्याशी तंतोतंत मुदत जुळणारा खालचा पुट विकणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. ‘स्प्रेड’ हा शब्द तेव्हाही होता, पण त्याचा अर्थ बाजारभावापासून दूरच्या स्ट्राइकचे पुट आणि कॉल, म्हणजे शेअर विकत घेण्याचा हक्क, एकत्र, असा होता.

26 एप्रिल 1973 रोजी शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्सचेंज सुरू झालं आणि चित्र पालटलं. स्ट्राइक ठरावीक अंतरावर, एक्स्पायरी ठरलेल्या महिन्यात आणि सगळ्या सौद्यांची हमी एकाच क्लिअरिंग संस्थेची. माझ्या मते स्प्रेडचा खरा जन्म इथे आहे. प्राइसिंगचं ब्लॅक-शोल्सचं सूत्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झालं आणि श्रेय बहुधा त्यालाच दिलं जातं. पण एका करारासारखा दुसरा करार तयार झाला नसता, तर विकलेल्या पुटला घेतलेल्या पुटचा आधार देताच आला नसता.

पण पहिल्या दिवशी 16 शेअरवर फक्त कॉल होते. पुटला परवानगी नव्हती. मंदी करायची असेल तर कॉलचाच स्प्रेड करावा लागे: खालच्या स्ट्राइकचा कॉल विकायचा, वरचा घ्यायचा. नफ्या-तोट्याचा आकार तोच येतो, पण विकलेल्या कॉलचा स्ट्राइक बाजारभावाच्या खाली असला की समोरचा तो मुदतीआधीच वापरू शकतो आणि लाभांशाच्या आदल्या दिवशी हा धोका वाढतो. एक्सचेंजवर पुट आले ते 3 जून 1977 रोजी, तेही मोजक्याच शेअरवर. त्याच वर्षी अमेरिकी नियामकाने ऑप्शनबाजाराच्या विस्तारावर स्थगिती आणली, ती 1980 मध्ये उठली. पुट सर्रास मिळू लागले ते त्यानंतर.

यापुढची मोठी तारीख 19 ऑक्टोबर 1987. त्या एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक 22.6 टक्के पडला. दूरच्या स्ट्राइकचे पुट स्वस्तात विकून बसलेल्यांचं जबर नुकसान झालं. तोपर्यंत एकाच एक्स्पायरीच्या वेगवेगळ्या स्ट्राइकमधली इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत गृहीत धरलेला शेअरचा चढउतार, साधारण सारखी असे. त्या दिवसानंतर खालच्या स्ट्राइकच्या पुटला जास्त व्होलॅटिलिटीचा भाव मिळू लागला आणि स्ट्राइकनुसार बदलणारा हा व्होलॅटिलिटीचा उतार आजही आहे. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये तो तीव्र असतो, एकेकट्या शेअरमध्ये सौम्य. बेअर पुट स्प्रेड करणारा नेमका हा महाग झालेला पुट विकतो.

आकड्यांत पाहू. शेअर 100 वर आहे, एक्स्पायरीला 60 दिवस आहेत, व्होलॅटिलिटी 30 टक्के आणि व्याज सोयीसाठी शून्य. 100 चा पुट साधारण 4.85 ला पडतो. 90 च्या पुटलाही 30 टक्केच धरले तर तो 1.25 च्या आसपास येतो, पण उतारामुळे 34 टक्के लागले तर 1.65. म्हणजे स्प्रेड 3.60 ऐवजी 3.20 मध्ये मिळतो. नुसत्या पुटच्या तुलनेत खर्च एक तृतीयांशाने कमी. एक्स्पायरीला ना-नफा-ना-तोटा 95.15 ऐवजी 96.80 वर येतो. नफा मात्र 6.80 वर थांबतो, मग शेअर 90 वर येवो की 60 वर. शेअर 100 च्या वरच राहिला तर नुकसान 4.85 ऐवजी 3.20.

मग नुसता पुट कधी सरस ठरतो? शेअर 88.35 च्या खाली गेला तरच. 90 मधून विकलेल्या पुटचे 1.65 वजा केले की हा आकडा मिळतो. ‘स्वस्त’ या शब्दामागची खरी किंमत हीच: या पातळीखालची सगळी घसरण आपण 1.65 ला दुसऱ्याला विकून टाकली आहे. शेअर हळूहळू 90 कडे सरकेल असं वाटत असेल तर हा व्यवहार चांगला आहे. एका बातमीने शेअर कोसळेल असं वाटत असेल, तर ज्यासाठी पैसे टाकायचे तेच आपण विकतोय.

नवख्यांचा हिरमोड होतो तो वेळेमुळे. वरच्याच उदाहरणात शेअर दहा दिवसांत 90 वर आला असं धरा. स्प्रेडची किंमत 10 दिसायला हवी असं वाटतं, पण स्क्रीनवर साडेसहा-सातच्या आसपासच दिसते. 100 चा पुट 11 च्या जवळ गेलेला असतो, पण विकलेला 90 चा पुटही आता बरोबर बाजारभावावर येऊन 4 ते साडेचारला पोहोचलेला असतो. पूर्ण 10 मिळायला मुदत संपत यावी लागते किंवा शेअर आणखी बराच खाली जावा लागतो. बाजार घाबरून व्होलॅटिलिटी वाढली तर नुसत्या पुटला तिचा पूर्ण फायदा मिळतो, स्प्रेडला मात्र विकलेला पुट मागे ओढत राहतो.

शेवटच्या दिवशी शेअर 90 च्या अगदी जवळ घुटमळत असेल तर सौदा बंद होण्याआधी दोन्ही पुट एकत्र काढून टाकावेत. प्रत्यक्ष शेअरची डिलिव्हरी होते तिथे 100 चा पुट वापरला जातो आणि 90 चा समोरच्याने वापरला की नाही हे बाजार बंद झाल्यावर कळतं. त्याने वापरला नाही, तर नव्या दिवसाची सुरुवात शॉर्ट शेअरने होते, आणि भाव वर गेला तर होणाऱ्या तोट्याला मर्यादा घालणारं काहीच हातात उरलेलं नसतं.