एक मीटर उतरलेली पातळी आणि किती पाणी? पुण्याच्या बेसॉल्टमधील भूजलाचे गणित

पुण्यात भूजलाची चर्चा बहुधा ‘पातळी इतकी खाली गेली’ या एका आकड्यापाशी थांबते. उघड्या विहिरीतील पातळी एक मीटरने उतरली आणि शेजारच्या खोल बोअरमधील पातळीही एक मीटरने उतरली, तरी त्या दोन ठिकाणी खडकातून गेलेल्या पाण्यात दोनशे पटींचा फरक असू शकतो. हा फरक कोठून येतो हे समजल्याशिवाय भूजलाच्या घटीचा हिशेब लागत नाही.

पुणे दख्खनच्या बेसॉल्टवर वसले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतूनच हा खडक तयार झाला. प्रत्येक थराचा मधला भाग सहसा घट्ट असतो. विहिरी खोदणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्यांचा झालेला असतो, पण त्या पोकळ्या पुष्कळदा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेलेल्या असतात आणि एकमेकींना जोडलेल्याही नसतात. म्हणून बेसॉल्टमधले पाणी मुख्यतः दोन जागी सापडते: जमिनीलगतच्या झिजलेल्या मुरमाड थरात, आणि खोलवर भेगांमध्ये किंवा दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर. पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या अशा खडकाला जलधर म्हणतात. पहिला थर मुक्त जलधर होय, कारण त्यातील पाण्याचा पृष्ठभाग खडकातील छिद्रांमधून वातावरणाशी जोडलेला असतो. दुसऱ्याच्या डोक्यावर घट्ट पाषाणाचे किंवा दोन लाव्हाथरांमधील तांबड्या चिकणमातीचे झाकण असेल, तर तो बंदिस्त जलधर ठरतो आणि त्यातील पाणी दाबाखाली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. बोअर घेताना ५० मीटरवर पाणी लागले आणि नंतर ते १५ मीटरपर्यंत चढून स्थिर झाले, तर ते बंदिस्त किंवा निदान अर्धबंदिस्त जलधरातील पाणी आहे.

या खडकांतून पाणी किती वाहते हे काढण्याचे मूळ सूत्र फ्रान्समधील दिजाँ शहरासाठी पाणीपुरवठ्याचे काम करणारे अभियंते हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडले. वाळूने भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून त्यांनी दाखवले की प्रवाह हा दोन टोकांमधील पाणीपातळीच्या फरकाच्या आणि नळकांड्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, तर वाळूच्या थराच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. हेच आज Q = K × i × A असे लिहितात. येथे Q म्हणजे प्रवाह, i म्हणजे पाणीपातळीचा ढाळ, A म्हणजे प्रवाहाला काटकोनात असलेले छेदाचे क्षेत्रफळ आणि K म्हणजे त्या खडकाची जलवाहकता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता.

बाणेर-पाषाण भागात असतो तसा एखाद्या टेकडीचा पायथा उदाहरणासाठी घेऊ. आकडे कल्पित असले तरी मुरमाड बेसॉल्टला साजेसे आहेत. उताराच्या दिशेने २०० मीटर अंतरावर असलेल्या दोन विहिरींच्या पातळीत २ मीटरचा फरक आहे, म्हणजे ढाळ ०.०१ झाला. पातळी मोजताना जमिनीपासूनची खोली वापरून चालत नाही. दोन्ही पातळ्या समुद्रसपाटीच्या संदर्भाने काढाव्या लागतात, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांत नेमकी हीच चूक वारंवार दिसते. पाण्याने भरलेल्या मुरमाची जाडी ८ मीटर आणि पट्ट्याची रुंदी ३०० मीटर असेल, तर छेद २,४०० चौरस मीटरचा होतो. जलवाहकता दिवसाला ३ मीटर धरली, तर प्रवाह ३ × ०.०१ × २,४०० म्हणजे दिवसाला ७२ घनमीटर येतो. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने हे सात टँकरांहून थोडे अधिक पाणी झाले.

K आणि i यांचा गुणाकार दिवसाला ०.०३ मीटर आहे, पण तो पाण्याच्या कणाचा वेग नव्हे. पाणी संपूर्ण छेदातून वाहत नाही, ते फक्त एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांतून वाहते. या पोकळ्या खडकाच्या २ टक्के असतील, तर खरा वेग ०.०३ भागिले ०.०२ म्हणजे दिवसाला १.५ मीटर होतो. वरच्या विहिरीजवळ मैलापाणी झिरपत असेल, तर ते खालच्या विहिरीपर्यंत पोहोचायला पहिल्या आकड्यानुसार अठरा वर्षे लागतील. प्रत्यक्षात मात्र ते साडेचार महिन्यांच्या आत पोहोचू शकते.

आता घटीकडे वळू. वरील पट्ट्याची लांबी ५०० मीटर मानली, तर क्षेत्र दीड लाख चौरस मीटर होते. मुक्त जलधरात पातळी उतरते तेव्हा पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात. त्यांतून गुरुत्वाकर्षणाने निचरून येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या २ टक्के धरले, तर एक मीटर घट म्हणजे ३,००० घनमीटर, म्हणजेच ३०० टँकर पाणी. पट्ट्यात वरून येणारा आणि खाली जाणारा प्रवाह सारखा मानू. पावसाळ्यात ५० मिलिमीटर पाणी मुरले, तर पातळी अडीच मीटरने चढेल. उरलेल्या आठ महिन्यांत, म्हणजे २४० दिवस, रोज ५० घनमीटर उपसा झाला, तर १२,००० घनमीटर पाणी जाईल आणि पातळी चार मीटरने उतरेल. वर्षाची निव्वळ घट दीड मीटर. दोन वर्षांत भरलेली जाडी ८ वरून ५ मीटरवर येईल, आणि ढाळ तोच राहिला तरी खालच्या बाजूला पोहोचणारा प्रवाह ७२ वरून ४५ घनमीटरवर येईल. वरचा भाग अधिक पाझरता असेल, तर प्रवाह याहूनही अधिक घटेल. ओढ्याचे उन्हाळ्यातील पाणी आटण्याचे एक कारण येथे आहे.

विहिरी अशा उतरू लागल्या की बोअर खोल नेली जाते. त्या बंदिस्त जलधरात पातळी एक मीटरने उतरते तेव्हा पोकळ्या रिकाम्या होत नाहीत. फक्त दाब कमी होतो आणि पाण्याच्या प्रसरणातून व खडकाच्या किंचित दबण्यातून थोडे पाणी सुटते. पातळी एक मीटर उतरल्यावर दर चौरस मीटर क्षेत्रातून किती घनमीटर पाणी सुटते ते सांगणारा साठवण गुणांक ०.०००१ धरला, तर तेवढ्याच क्षेत्रातून एक मीटर घटीला मिळतात १५ घनमीटर, म्हणजे दीड टँकर. बोअर झाल्या दिवशी ‘दोन इंच पाणी लागले’ असे सांगितले जाते, तेव्हा तो आकडा भेगेची वहनक्षमता दाखवतो, साठा दाखवत नाही.

भेगांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. डार्सीचे सूत्र सलग सच्छिद्र माध्यम गृहीत धरते. झिजलेल्या मुरमात ते बऱ्यापैकी टिकते, पण एकट्यादुकट्या भेगेला तशी सरासरी जलवाहकता लावणे धोक्याचे असते. समांतर बाजूंच्या भेगेतील प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे रुंदी निम्मी झाली की प्रवाह आठव्या हिश्शावर येतो. म्हणूनच दहा मीटर अंतरावरच्या दोन बोअरपैकी एक भरपूर चालते आणि दुसरी कोरडी निघते. शिवाय जोराने उपसा होत असताना बोअरच्या अगदी जवळ प्रवाह खळबळता होतो आणि तेथे वेग व ढाळ यांचे सरळ प्रमाण मोडते.

यावर माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह उपाय म्हणजे उपसा-चाचणी, आणि तिचाही बोलका भाग पंप बंद केल्यानंतरचा आहे. काही तास ठरावीक वेगाने उपसा करून पंप थांबवावा आणि पातळी किती वेळात वर येते ते मोजत राहावे. विस्तीर्ण जलधरात ती हळूहळू मूळ जागी परतते. पुरेसा वेळ देऊनही ती मूळ पातळीच्या खालीच स्थिरावली, तर जलधर चहूबाजूंनी मर्यादित आहे आणि उपसलेले पाणी त्याच्या साठ्यातूनच गेले, असे समजावे. ही चाचणी पावसाळ्यानंतर केली तर निकाल फसवा येऊ शकतो, कारण वरच्या मुरमातून झिरपणारे पाणी बोअरला आधार देत असते. एप्रिल-मेमध्ये तीच चाचणी पुन्हा करून दोन्ही आलेख शेजारी ठेवले की खोल भेगेचा स्वतःचा साठा किती आहे ते कळते.