अमिरातीतली ग्रॅच्युइटी: सूत्र 1980 चे, भांडण ‘बेसिक’चे

दुबई-शारजाहची नोकरी सुटताना फायनल सेटलमेंटच्या कागदावर एक ओळ ग्रॅच्युइटीची असते. रत्नागिरी-रायगडकडून तिकडे गेलेल्या अनेकांना ती रक्कम पाहून धक्का बसतो, कारण त्यांनी हिशेब हाती येणाऱ्या पगारावर केलेला असतो आणि कंपनीने बेसिकवर. कंपनी दर वेळी फसवत असते असे नाही. हा फरक कायद्यातच आहे आणि तो 1980 पासूनचा आहे.

संयुक्त अरब अमिरातींचा पहिला संघीय कामगार कायदा 1980 चा, क्रमांक 8. त्यातले सूत्र असे: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. एक वर्ष भरले की हक्क सुरू होतो. भारतातल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली पाच वर्षांची अट डोक्यात असल्याने बरेच जण दोन-तीन वर्षांवर परतताना ही रक्कम मागतच नाहीत. अमिरातीच्या नागरिकांसाठी 1999 मध्ये पेन्शनचा कायदा झाला, परदेशी कामगाराच्या वाट्याला मात्र ही एकरकमी ग्रॅच्युइटीच राहिली.

हिशेबाला धरायचा पगार म्हणजे शेवटचा बेसिक. घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता असे सगळे जुन्या कायद्याने नाव घेऊन वगळले होते. बेसिक एकूण पगाराचा किती हिस्सा असावा, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. सगळी अडचण इथे आहे. एकूण पगार 2,000 दिरहम आणि त्यातला बेसिक 1,200, अशी विभागणी करारावर सही करतानाच होते आणि तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नाही.

हाच माणूस 7 वर्षे 4 महिने काम करून निघाला असे धरू. 1,200 ला 30 ने भागले की रोजचे 40 दिरहम. पहिल्या पाच वर्षांचे 105 दिवस, म्हणजे 4,200. पुढची दोन वर्षे चार महिने म्हणजे 70 दिवस, त्याचे 2,800. एकूण 7,000 दिरहम. चार महिने वाया जात नाहीत, त्या प्रमाणात पैसे मिळतात. 2,000 धरून हिशेब केला असता तर 11,667 च्या आसपास आकडा आला असता. त्याच्या मनातली रक्कम आणि कागदावरची रक्कम यांतले अंतर ते हेच.

जुन्या कायद्याची दुसरी जखम राजीनाम्याची होती. मुदत नसलेल्या करारात कामगाराने स्वतः नोकरी सोडली, तर एक ते तीन वर्षांच्या सेवेला ग्रॅच्युइटीचा एक तृतीयांश, तीन ते पाच वर्षांना दोन तृतीयांश आणि पाच वर्षांपुढे पूर्ण रक्कम मिळे. मुदतीचा करार मध्येच सोडला आणि पाच वर्षे झालेली नसली तर काहीच नाही. म्हणजे 1,200 बेसिकवर चार वर्षे राबलेल्याचे 3,360 दिरहम होतात. त्याला राजीनाम्यावर 2,240 मिळत किंवा शून्य. वाईट मालकाकडेही माणसे पाच वर्षे दात-ओठ खाऊन का राहत, याचे एक कारण हे गणित होते.

2 फेब्रुवारी 2022 पासून 2021 चा 33 क्रमांकाचा कायदा लागू झाला आणि ही कपात गेली. आता राजीनामा दिला तरी पूर्ण रक्कम आणि ती करार संपल्यापासून 14 दिवसांत द्यायची. 21 आणि 30 दिवस, दोन वर्षांची कमाल मर्यादा, शेवटचा बेसिक हे मात्र जसेच्या तसे राहिले. 2023 मध्ये ग्रॅच्युइटीला पर्याय म्हणून आलेल्या ऐच्छिक बचत योजनेतही मालकाने दरमहा भरायचे दर बेसिकच्या 5.83 आणि 8.33 टक्के आहेत, म्हणजे 360 दिवसांत 21 आणि 30 दिवस. जुनेच माप, नव्या भांड्यात.

आता चुका होतात त्या बहुतेक तीन जागी. बिनपगारी रजा सेवेतून वजा होते, पण कंपनी कधी पगारी रजाही त्यात घालते. जाण्या-येण्याच्या तारखा आणि पगाराच्या नोंदी जवळ असल्या तर हे लगेच पकडता येते. दुसरे, दोन-दोन वर्षांनी करार नवा झाला म्हणून सेवा नव्याने मोजली जाते. मध्ये हिशेब चुकता झालेला नसेल, तर सेवा पहिल्या दिवसापासून धरायची. तिसरे सर्वांत घातक: शेवटच्या वर्षी एकूण पगार तोच ठेवून बेसिक कमी आणि भत्ता जास्त असा बदललेला करार सहीला येतो. शेवटचा बेसिक 1,200 चा 900 झाला, तर वरच्या उदाहरणातले 7,000 थेट 5,250 होतात, कारण तो आकडा मागच्या सगळ्या वर्षांना लागतो.

व्हिसा रद्द करण्याच्या अर्जावर ‘माझी सर्व देणी मिळाली’ या मजकुराखाली सही घेतली जाते. वर्षे, दिवस आणि बेसिक लिहिलेला हिशेब हातात आल्याशिवाय आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय ती करू नये. रक्कम कमी वाटली तर तक्रार कामगार मंत्रालयाकडे करायची. दावा करण्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती, 2024 च्या दुरुस्तीनंतर ती नोकरी संपल्यापासून दोन वर्षे आहे.