ताठ उभा आणि आवरून उभा

बेळगावात वैशाखातली शिवजयंती म्हणजे चित्ररथ. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॉलीवर सजीव देखावे घेऊन रात्रभर रस्त्यावर असतात. प्रत्येक देखाव्यामागे कुणीतरी लिहून दिलेलं एक टिपण असतं: कोण कुठे उभा, कुणाच्या चेहऱ्यावर काय. देखावा फसतो तो बहुतेक वेळा या टिपणातच. पोशाख चोख, मिशा चोख, ध्वनिफितीवरचं निवेदन खणखणीत, आणि मधली माणसं मात्र कोरी.

यावर ठरलेला उपाय म्हणजे ‘जरा हालचाल वाढवा रे’. मग हात हवेत जातात, डोळे वटारले जातात, आणि देखावा आणखी बिघडतो. कारण इथे दोन निराळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. एक माणूस ताठ उभा असतो आणि दुसरा आवरून उभा असतो. दोघंही हलत नाहीत. लांबून दोघं सारखेच दिसतात, पण एकाकडे बघून लोक पुढच्या चित्ररथाकडे वळतात आणि दुसऱ्यापाशी थांबतात.

फरक हालचालीचा नाही, ओढीचा आहे. आवरून उभ्या असलेल्या माणसात दोन ओढी एकाच वेळी असतात. राग त्याला पुढे ढकलतो आणि काहीतरी त्याला मागे धरून ठेवतं. या रस्सीखेचीत शरीर थांबलेलं असतं. ताठ माणसात अशी एकही ओढ नसते, त्याला फक्त ‘इथे उभा राहा’ एवढंच सांगितलेलं असतं. आपल्या नाट्यशास्त्राला हे पक्कं ठाऊक होतं. तिथे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि त्यात स्तंभ आहे: भीतीनं, हर्षानं, विस्मयानं, शोकानं किंवा रागानं शरीर थिजणं. म्हणजे न हलणं हा तिथे भावाचा अभाव नसून भावाचा परिणाम आहे. टिपण लिहिणाऱ्यानं ‘स्तब्ध’ लिहिण्याआधी स्वतःला विचारावं, कशानं स्तब्ध? आणि हा हलला असता तर कुठल्या दिशेला?

उदाहरणादाखल आग्र्याचा दरबार घेऊ. हा प्रसंग मंडळांचा आवडता आहे आणि यात जवळजवळ सगळेच उभे आहेत, त्यामुळे चूक लपत नाही. १२ मे १६६६, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. महाराजांसोबत संभाजीराजे आहेत, वय नऊच्या आसपास. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग सोबत आहे. नजराणा झाला, पण बादशहा एक शब्द बोलला नाही. महाराजांना मागच्या रांगेत नेऊन उभं केलं गेलं. पुढे मानाची वस्त्रं वाटली गेली, ती जसवंतसिंगाला मिळाली, महाराजांना नाही. तिथे त्यांचा संताप उसळला. त्या वेळच्या राजस्थानी पत्रांत तर त्यांचे डोळे ओलावल्याचाही उल्लेख आहे.

हा उल्लेख टिपण लिहिणाऱ्यासाठी सोन्यासारखा आहे, आणि बहुतेक टिपणांत तो नसतो. तिथे असतं ते असं: ‘महाराज अत्यंत संतप्त. रामसिंग चिंताग्रस्त. बाळराजे गंभीर. दरबारी शांत.’ ही चारही भावनांची नावं आहेत. नाव वाचून शरीराला काय करायचं ते कळत नाही. मुलगा छाती काढतो, मुठी आवळतो, भुवया वर चढवतो. ‘राग कुठाय?’ म्हणून विचारलं तर तो म्हणणार, ‘रागच दाखवालोय की सर!’ त्याचं चुकत नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. भुवया वर चढल्या की चेहरा आश्चर्याचा होतो, रागाचा नाही. रागात भुवया खाली येतात आणि एकमेकींकडे सरकतात, खालची पापणी ताणली जाते, ओठ मिटून पातळ होतात. हा एवढा तपशील दिला की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं चेहऱ्याच्या खाली असतं. चेहरा आवरायची आपल्याला लहानपणापासून सवय असते, हातापायांकडे तेवढं लक्ष नसतं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं: माणूस चेहऱ्यावर जे लपवतो ते हातांतून आणि पायांतून निसटू शकतं. म्हणून आवरलेला माणूस लिहिताना चेहरा शांत ठेवावा आणि निसटायला एकच जागा द्यावी. एकच. मूठही आवळलेली, दातही खाल्लेले, पायही आपटलेला, असं केलं की आवरणं संपलं आणि नुसता आविर्भाव उरला.

आता तेच टिपण पुन्हा लिहू.

‘महाराजांचं सगळं वजन उजव्या पायावर. डावा पाय अर्धं पाऊल मागे, टाच जमिनीपासून किंचित सुटलेली. छाती श्वास घेऊन थांबलेली, सोडलेली नाही. हनुवटी आत. नजर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर, पापणी न लवणारी. ओठ मिटलेले. डावा हात बाळराजांच्या खांद्यावर, बोटं खांद्यात रुतलेली. बाळराजांचा तो खांदा थोडा खाली गेलेला, आणि त्यांचं लक्ष दरबाराकडे नाही, त्या हाताकडे.’

यात ‘संतप्त’ हा शब्द नाही. सुटलेली टाच सांगते की हा माणूस वळून निघायच्या बेतात आहे, आणि वजनाचा पाय सांगतो की अजून निघालेला नाही. हीच ती दोन ओढींची जागा. वजन एका पायावर गेलं की कंबर त्या बाजूला वर उचलली जाते आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे आपोआप घडतं, वेगळं लिहायची गरज नाही. दोन्ही पायांवर सारखं वजन दिलं की कंबर आणि खांदे दोन आडव्या रेषा होतात, आणि ताठपणा बहुतेक वेळा तिथूनच येतो. (समचरण उभं राहणं हा मात्र दोष नव्हे. पंढरीचा विठोबा युगानुयुगं समचरणच उभा आहे. पण त्याचे हात कटीवर आहेत, कोपर बाहेर आहेत, आणि तिथे थांबणं हाच प्रसंग आहे. आपल्या मुलाचे हात नुसते मांड्यांना चिकटलेले असतात.)

डोळ्यांतलं पाणी गल्लीतल्या पोराकडून मागू नये. पापणी न लववता समोर बघत राहायला सांगावं, थोड्या वेळानं डोळे आपसूकच ओलावतात. हनुवटी आत लिहिण्याचं कारण मात्र भावनेचं नाही, ट्रॉलीचं आहे. मारुती गल्लीसारख्या अरुंद रस्त्यात लोक खालून, अगदी जवळून बघतात. हनुवटी वर असली तर त्यांना गळा आणि नाकपुड्या दिसतात, डोळे दिसतच नाहीत. बाणेदारपणा म्हणून मान वर करायला लावलेले महाराज खालून बघणाऱ्याला कोरे दिसतात ते यामुळे.

खांद्यावरचा हात ही माझी कल्पना, पत्रांतली नाही. पण ती कामाची आहे. एका माणसाची भावना दुसऱ्याच्या शरीरावर उमटली की दोघंही जिवंत होतात. मुलाला ‘गंभीर हो’ म्हणायची गरजच उरत नाही. नऊ वर्षांचा मुलगा गंभीर होऊ गेला की हटकून रुसलेला दिसतो. बापाची बोटं खांद्यात रुतताहेत आणि ती का, हे त्याला कळत नाही, एवढं त्याला पुरतं.

रामसिंगाची गोष्ट वेगळी. चिंता म्हटली की मुलं कपाळाला हात लावतात. रामसिंग दरबारी रिवाजात वाढलेला आहे, तो बादशहासमोर हात हलवणार नाही. त्याचं शरीर सिंहासनाकडे आणि डोळे महाराजांकडे, एवढंच लिहावं. माणूस वळतो तेव्हा साधारणपणे आधी डोळे जातात, मग मान, मग खांदे, शेवटी पाय. हा क्रम मधेच थांबवला की ‘वळायचंय पण वळता येत नाही’ हे दिसतं. पूर्ण वळवला तर तो नुसता बघ्या होतो.

मग दरबारी? इथे ताठपणाच हवा, आणि हे मुद्दाम लिहून द्यावं लागतं. रिवाजानं उभे असलेले लोक सारखेच उभे राहतात: पाय जोडलेले, हात पुढे बांधलेले, नजर खाली. त्या सारखेपणातच महाराजांची सुटलेली टाच उठून दिसते. सगळ्यांनाच ‘जिवंत’ करायला गेलं की ती टाच हरवते. पण दरबाऱ्यांतही एखाद्याचे डोळे क्षणभर बाजूला वळलेले लिहावेत, नाहीतर ते पडद्यावर रंगवल्यासारखे वाटतात.

तालमीत हे तपासायची सोपी रीत आहे. मोबाइलवर फोटो काढावा आणि अंगठ्यानं चेहरे झाकावेत. तरीही कोण रागावलंय, कोण घाबरलंय, कोणाचा कोणाशी संबंध आहे हे कळत असेल तर माणसं आवरून उभी आहेत. काहीच कळत नसेल तर सगळा भार चेहऱ्यावर टाकलेला आहे, आणि रात्री हॅलोजनच्या उजेडात तो चेहरा धुऊन निघणार आहे. उलटंही करून बघावं. धड झाकून फक्त चेहरे बघितले आणि तेवढ्यावरच सगळा प्रसंग उलगडला, तर अभिनय वाढलाय असं समजावं.

या रीतीला एक मर्यादा आहे. एकच खूण सगळीकडे एकच अर्थ देत नाही. हाताची घडी थंडीनं असते, रागानं असते, आणि चौकात उभं राहायच्या सवयीनंही असते. सुटलेली टाच ज्या प्रसंगात निघून जाण्याची ओढ आहे तिथेच बोलते, एरवी ती दुखरी टाच. म्हणून खुणांची यादी पाठ करून ती वाटून देता येत नाही.

सगळ्यात अवघड पात्र औरंगजेबाचं. त्याचा चेहरा कोराच हवा असं सगळे म्हणतात, आणि मुलगा सिंहासनावर पुतळा होऊन बसतो. पण बादशहा कोरा नाही, तो दुर्लक्ष करतोय, आणि दुर्लक्षाला दिशा लागते. त्याचं धड समोर ठेवावं, नजर आधीच पुढच्या माणसाच्या नजराण्याकडे गेलेली, एक हात तो ताट पुढे आणायची खूण करताना अर्धा उचललेला. बाकी सगळ्यांचे श्वास अडकलेले, त्याचा एकट्याचा सावकाश चाललेला. ज्याच्याकडे तो बघत नाही तो माणूस कुठे उभा आहे हे त्याला नेमकं माहीत आहे, एवढं त्या मुलाला सांगून ठेवावं. मग त्याची नजर चुकूनही तिकडे जात नाही, आणि लोकांना ते खालून कळतं.