पुलाच्या डिझाईन रिपोर्टवरचं रिव्ह्यू पत्र

पुलाचं डिझाईन एका कन्सल्टंटनं केलं की ते दुसऱ्या, त्या कामाशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून तपासून घेतात, याला बोलताना सगळे प्रूफ चेकिंग म्हणतात. तपासणाऱ्यानं रिपोर्ट वाचून, स्वतःची आकडेमोड करून जे लेखी कळवायचं ते म्हणजे रिव्ह्यू पत्र. सातारा-सांगली भागात तपासणारे बऱ्याचदा इंजिनिअरिंग कॉलेजातले स्ट्रक्चरचे प्राध्यापक असतात नाहीतर पुण्या-मुंबईचे कन्सल्टंट, आणि पत्र जातं काम काढणाऱ्या खात्याच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरकडं, त्यांच्याकडनं मग डिझाईनवाल्याकडं. पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात कुठल्या तारखेचा, कितव्या रिव्हिजनचा रिपोर्ट आणि कुठले ड्रॉइंग नंबर तपासले ते लिहिलेलं असलं पाहिजे, कारण पत्र येईपर्यंत डिझाईनवाल्याकडं R1 म्हणजे सुधारलेला रिपोर्ट तयार झालेला असतो आणि शेरे R0 म्हणजे पहिल्या रिपोर्टवरचे असतात, मग पान नंबर जुळत नाहीत आणि दोन आठवडे नुसत्या फोनाफोनीत जातात.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे शेऱ्यांची विभागणी. एका बाजूला क्रिटिकल चुका, म्हणजे ज्या दुरुस्त केल्याशिवाय पूल बांधायचाच नाही अशा, आणि दुसऱ्या बाजूला किरकोळ सूचना. ही विभागणी शेरा किती मोठा दिसतो यावरनं होत नाही. प्रत्येक शेऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, ही गोष्ट अशीच राहिली तर जागेवर बांधल्या जाणाऱ्या कशात फरक पडतो? पायाची पातळी, काँक्रीटचं माप, सळई, बेअरिंग, डेकची उंची यातलं काही बदलणार असेल आणि बदल केला नाही तर कोडची सुरक्षिततेची अट मोडत असेल, तर तो शेरा क्रिटिकल. बाकी सगळं सूचना.

एक उदाहरण: पायाची पातळी

समजा पलूस-वाळवा पट्ट्यात कृष्णेला मिळणाऱ्या एका मोठ्या ओढ्यावर, संगमापासून थोडं वर, पूल करायचाय. (पूल आणि त्याचे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, कोडचे नियम खरे आहेत.) रिपोर्टमधे पुराचा विसर्ग सेकंदाला 400 घनमीटर, पाणी जायला मोकळी रुंदी 60 मीटर, ओढ्याचा तळ आरएल म्हणजे ठरलेल्या संदर्भापासूनची उंची 541.50 मीटर आणि एचएफएल म्हणजे पुराची सगळ्यात वरची पातळी 548.50 अशी घेतलीय. जमीन गाळाची, त्यातल्या कणांच्या आकारावरनं सिल्ट फॅक्टर 1.0. पिअरला म्हणजे पुलाच्या मधल्या खांबाला ओपन फाउंडेशन, म्हणजे खड्डा खोदून सरळ जमिनीवर टेकवलेला पाया, त्याचा तळ 537.00 ला.

पूर आला की पिअरभोवतीचा तळ खरवडला जातो, त्याला स्कावर म्हणतात, आणि तो किती खोल जाईल हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:78 या पायाच्या कोडमधल्या या सूत्रानं काढतात:

dsm = 1.34 × (Db² / Ksf)^(1/3)

Db म्हणजे दर मीटर रुंदीमागचा विसर्ग, Ksf म्हणजे सिल्ट फॅक्टर. येतं ते सरासरी स्कावर, एचएफएलपासून खाली मोजायचं, आणि पिअरपाशी त्याच्या दुप्पट धरायचं. रिपोर्टवाल्यानं 400 भागिले 60 करून Db 6.67 घेतला, सरासरी 4.75 मीटर आलं, दुप्पट 9.49. एचएफएलमधनं वजा केल्यावर 539.01, त्याखाली मातीत ओपन फाउंडेशनला लागणारे कमीतकमी 2 मीटर सोडून 537.00. सगळं नीटनेटकं, गुणाकार-भागाकार बरोबर, आणि वाचणारा फक्त गणित तपासत बसला तर त्याला काहीच सापडणार नाही.

पहिली चूक विसर्गात आहे. पाया ठरवताना पुराचा विसर्ग वाढवून घ्यायचा असं तोच कोड सांगतो, आणि पाणलोट क्षेत्र 3000 चौरस किलोमीटरपर्यंत असेल तर ही वाढ 30 टक्के. म्हणजे 520 घनमीटर, Db 8.67, सरासरी स्कावर 5.65 आणि पिअरपाशी 11.31 मीटर. स्कावर लेव्हल झाली 537.19. पायाचा तळ त्याच्या 2 मीटर खाली हवा होता, आहे फक्त 19 सेंटिमीटर खाली.

दुसरी चूक जास्त खोलातली आहे, आणि सांगलीकडच्या नद्यांवर ती फार सहज होते. 548.50 ही एचएफएल कुठनं आली? गावातल्या भिंतींवरच्या 2019 च्या पुराच्या खुणांवरनं. त्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे, 2005 च्या पुरापेक्षाही ते पाणी वर होतं. पण ते पाणी ओढ्याचं नव्हतं, कृष्णेचं होतं. कृष्णा फुगली की ओढ्यात पाणी उलटं चढतं आणि साचून राहतं, त्याला वेग जवळपास नसतो, तळ फारसा खरवडला जात नाही. तळ खरवडला जातो ओढ्याला स्वतःचा पूर आला आणि कृष्णा खाली असली तर. अशा पुरात पाणी किती वर येतं हे ओढ्याच्या उतारावरनं आणि छेदावरनं काढावं लागतं, आपल्या उदाहरणात ते 546.20 येतं असं धरू.

आता बघा काय होतं. स्कावर एचएफएलपासून खाली मोजतात, म्हणून एचएफएल 2.30 मीटर जास्त घेतली की स्कावर लेव्हलसुद्धा 2.30 मीटर वर सरकते, म्हणजे धोक्याच्या बाजूला. एचएफएल जास्त घेतली की आपण सेफ, हे डेकच्या उंचीपुरतं खरंय, पायाला ते उलटं लागू पडतं. ओढ्याच्या स्वतःच्या पुराची पातळी घेऊन 546.20 वजा 11.31 म्हणजे 534.89. रिपोर्टमधल्या पायाचा तळ 537.00 आहे, म्हणजे त्या पुरात पायाखालची माती 2 मीटरपेक्षा जास्त निघून गेलेली असेल. नियमाप्रमाणं तळ 532.89 ला जायला पाहिजे, ओढ्याच्या तळापासून साडेआठ मीटरहून खोल, आणि एवढं खोल ओपन फाउंडेशन पाण्यात खोदणं व्यवहारात जमत नाही, पाईल किंवा वेल फाउंडेशन अशा खोल पायाचा विचार करावा लागतो. म्हणजे एका शेऱ्यानं पायाचा प्रकार, एस्टिमेट, सगळंच हललं. क्रिटिकल म्हणायचं ते याला.

इथं तपासणाऱ्यानंसुद्धा जपून लिहायला हवं. हे सूत्र गाळाच्या तळासाठी आहे. सांगलीकडं गाळाखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट लागतो, तो कुठं वर असतो कुठं खूप खाली. पिअरच्या जागेच्या बोअर लॉगमधे, म्हणजे भोक पाडून केलेल्या थरांच्या नोंदीत, 535 च्या आसपास चांगला खडक असेल तर प्रश्नच वेगळा होतो, मग आयआरसी:78 प्रमाणं मऊ खडकात दीड मीटर किंवा कठीण खडकात 0.6 मीटर पाया रुतवला तरी चालतो. म्हणून शेऱ्यात पाईल करा असा हुकूम देऊ नये. डिझाईनची जबाबदारी डिझाईनवाल्याचीच राहते, तपासणाऱ्यानं काय चुकलंय आणि काय दाखवलं की शेरा बंद होईल एवढंच सांगायचं. तो शेरा साधारण असा लिहिला जातो:

“शेरा क्र. 1, क्रिटिकल. स्कावरच्या हिशोबात आयआरसी:78 नुसार विसर्गातली 30 टक्के वाढ घेतलेली नाही आणि कृष्णेच्या फुगवट्याची पातळी ओढ्याच्या पुराची एचएफएल म्हणून वापरली आहे. आमच्या स्वतंत्र हिशोबानुसार पिअरपाशी स्कावर लेव्हल 534.89 येते (हिशोब सोबत जोडला आहे), प्रस्तावित पाया 537.00 ला आहे. दोन्ही पूरस्थितींचा वेगळा हिशोब, प्रत्येक पिअरच्या जागेचा बोअर लॉग आणि सुधारित पाया सादर करावा. तोपर्यंत पायाची ड्रॉइंग कामासाठी देऊ नयेत.”

यात कोड आहे, स्वतःचा आकडा आहे, परिणाम आहे, आणि काय दिलं की शेरा मिटेल तेही आहे. रिपोर्टचा पान नंबरही टाकायचा. याच्या जागी नुसतं “स्कावर पुन्हा तपासावा” लिहिलं तर उत्तर येतं “तपासला, ठीक आहे”, आणि कागदोपत्री शेरा मिटतो.

दिसायला किरकोळ, पण नाही

काही शेरे टायपिंगच्या चुकीसारखे दिसतात. हिशोबात M40 काँक्रीट आणि ड्रॉइंगच्या नोटमधे त्याहून कमी ताकदीचं M30, हा प्रकार नेहमीचा. साईटवर रिपोर्ट कोणी वाचत नाही, ड्रॉइंग वाचतात, म्हणजे पूल M30 मधेच होणार. हा क्रिटिकलमधेच जातो.

भूकंपाचा झोनही तसाच. मिरजेकडच्या पुलाची एक्सेल शीट कॉपी करून पाटण तालुक्यातल्या पुलाला वापरली की झोन III तसाच राहतो. पण कोयना परिसर झोन IV मधे आहे, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तिथलाच. आयआरसी:एसपी:114 (2018) मधे झोन फॅक्टर III ला 0.16 आणि IV ला 0.24, म्हणजे भूकंपाचं बल सरळ दीडपट, एका आकड्याच्या टायपिंगवर. तपासणाऱ्याला हे कसं कळतं? बहुतेक वेळा कुठंतरी जुन्या पुलाचं नाव, जुनं चेनेज किंवा नदीचं नाव राहून गेलेलं असतं. तसं काही सापडलं की भाषेची चूक म्हणून सोडून न देता त्या शीटमधले सगळे इनपुट परत बघायचे.

डेकखालची मोकळी उंची हा खरा काठावरचा मामला. विसर्ग 300 ते 3000 च्या मधे असला की आयआरसी:5 नुसार एचएफएल आणि डेकचा तळ यात 1200 मिलिमीटर हवेत. रिपोर्टमधे 900 असतील तर? इथं मात्र 548.50 हीच पातळी धरायची, कारण प्रश्न डेकचा आहे. काहीजण म्हणतात साचलेलं पाणी आहे, वेग नाही, 900 चालतील. माझ्या मते हा शेरा क्रिटिकलमधेच ठेवावा, कारण आपल्याकडं पुरात ऊस, झाडं, जलपर्णी वाहत येऊन डेकखाली अडकते. सूट द्यायची तर ती खात्यानं लेखी द्यावी, तपासणाऱ्यानं परस्पर गिळू नये.

सूचनांचा भाग

हा छोटा असतो आणि छोटाच ठेवावा. पाण्याच्या स्पाउटचं तोंड पिअर कॅपवर पडतंय ते बाहेर न्या, बेअरिंग बघायला माणूस पोचेल एवढी जागा ठेवा, सळईच्या वेळापत्रकात बार मार्क दोनदा आलाय, संदर्भात कोडचं जुनं वर्ष पडलंय पण निकालात फरक नाही. या सूचना मान्य करायच्या की नाही ते डिझाईनवाल्यावर सोडायचं, आणि तसं पत्रात स्पष्ट लिहायचं. चाळीस शेऱ्यांची एकच सरळ यादी केली आणि पायाचा शेरा त्यात सत्ताविसावा आला तर उत्तर देणारा आधी सोपे पस्तीस शेरे उरकून “बहुतांश शेऱ्यांचं पालन झालं” असं कळवतो, आणि फाईल पुढं सरकते.

उत्तर आल्यावरच्या दुसऱ्या पत्रात शेऱ्यांचे नंबर बदलायचे नाहीत, क्र. 1 हा शेवटपर्यंत क्र. 1. पुढं फक्त उघडा की बंद, आणि बंद असेल तर कुठल्या रिव्हिजनच्या कुठल्या पानावर. पायाचा शेरा बंद झाला तरी त्यात एक अट लिहून ठेवतात, खोदताना किंवा पाईल घेताना बोअर लॉगपेक्षा वेगळा थर लागला तर साईटनं काम थांबवून कळवायचं आणि तो शेरा पुन्हा उघडायचा.