सकाळच्या प्रेरक संदेशात नेमकं काय हवं?

'उठा, आजचा दिवस तुमचा आहे!' असे संदेश रोज सकाळी फोनवर येऊन पडतात. नोकरी सांभाळून लहान मूल वाढवणाऱ्या आईला किंवा बाबाला त्यातून घटकाभर उभारी मिळतही असेल, पण रात्री पाहावं तर ठरवलेलं काम तसंच पडलेलं असतं. मग 'इच्छाशक्ती कमी पडते' असं सरसकट निदान होतं. ते मला पटत नाही. इच्छा बहुतेकांकडे भरपूर असते. ती कृतीत उतरायला मेंदूला जे लागतं, तेच त्या संदेशात नसतं.

ब्रिटनमधल्या सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे आठवतो. आठवड्यातून निदान एकदा २० मिनिटं चांगला दमदार व्यायाम करायचा, एवढंच विद्यार्थ्यांपुढे उद्दिष्ट होतं. एका गटाला हृदयविकार आणि व्यायामाचे फायदे यांबद्दल प्रेरक मजकूर वाचायला दिला. त्यांचा उत्साह वाढला, पण व्यायाम केला तो ३५ टक्के जणांनी. काहीच प्रेरक न वाचलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होतं. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून काढलं. त्यांच्यातल्या ९१ टक्के जणांनी व्यायाम केला.

असं का होतं, याचा उलगडा जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांच्या कामातून होतो, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. 'अभ्यास करायचाय' हा नुसता हेतू मनात धरला, की तो दिवसभर आपल्यालाच जागता ठेवावा लागतो. कामाच्या धबडग्यात तो मागे पडतो. पण 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलं, की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे ती विशिष्ट घटना मेंदूच्या नजरेत भरू लागते. गडबडीतही ती चटकन टिपली जाते. दुसरी म्हणजे त्या घटनेला कृती जोडली जाते, त्यामुळे घटना घडताच कृती आपसूक आठवते. 'आता करू की नंतर?' हा वाद मनात सुरू व्हायच्या आत हात कामाला लागलेले असतात. सवयीला जे साधायला कित्येक आठवडे लागतात, त्यातलं थोडं एका वाक्याने आधीच पदरात पडतं. दमलेल्या माणसाला याची किंमत जास्त, कारण ठरवण्याचं काम सकाळीच उरकलेलं असतं.

म्हणून संदेशाचा साचा असा हवा:

'आज ______ झालं की लगेच मी ______ इथे बसून ______ करीन. ______ आडवं आलं, तर निदान ______ करीन.'

समजा, एक आई खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास करते आहे. पहिल्या जागी 'वेळ मिळाला' लिहिणं निरुपयोगी, कारण वेळ मिळाल्याची खूण कोणतीच नसते. 'रात्री ९ वाजले' हेही लंगडं, कारण त्या वेळी घड्याळाकडे कोण पाहणार? 'मूल झोपलं' बरं वाटतं, पण मूल हळूहळू झोपतं आणि तोवर आईचाही डोळा लागतो. त्यापेक्षा 'मुलाच्या खोलीचं दार ओढून घेतलं' हे उत्तम. ते एका क्षणात घडतं आणि स्वतःच्या हातून घडतं. मग वाक्य होतं: 'आज दार ओढून घेतलं की लगेच मी टेबलाशी बसून दोन गणितं सोडवीन. मूल पुन्हा उठलं, तर निदान एक गणित वाचून ठेवीन.' हे वाक्य दुसऱ्याने धाडलेलं असण्यापेक्षा स्वतःच सकाळी टाइप केलेलं बरं.

'यश मिळालंय असं डोळ्यांपुढे आणा, विश्व ते देईल' असा प्रचार हल्ली जोरात असतो. त्याला आधार नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत अशा गोड कल्पनाचित्रांनंतर माणसांची उमेद उलट ओसरलेली दिसली.

जर-तरच्या वाक्यालाही मर्यादा आहेत. एका दिवसात पाच-सहा वाक्यं लिहिली, तर फायदा जवळजवळ विरतो, असं एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर या संशोधकांना २०१२ साली आढळलं. करायच्या कामांचा डोंगर पाहूनच माणूस खचतो. म्हणून संदेशात काम एकच घालावं.

काम झालं नाही, तर दोष शोधणं सोपं आहे. घटना घडलीच नसेल, तर खूण बदला. घडली पण काम आठवलं नाही, तर खूण पुरेशी ठळक नव्हती. आठवूनही काम झालं नाही, तर ते दमलेल्या जिवाला झेपण्यापेक्षा मोठं होतं; दोनऐवजी एक गणित लिहा. एकही नको वाटत असेल, तर ती परीक्षा खरंच द्यायची आहे का, हे आधी ठरवावं लागेल, कारण मुळात नको असलेलं काम कोणतंच वाक्य करून घेत नाही.