पंचेचाळीस मिनिटांची उधारी

मार्च उजाडला की आमच्या नागपुरात गच्च्यांवर कुरडया पसरू लागतात. यंदा त्यांच्याच शेजारी मी एक मीटर उंचीचा दांडा उभा केला, ओळंब्याने सरळ करून. दांड्याच्या टोकाची सावली धूसर पडते, म्हणून टोकाला पत्र्याचा तुकडा बांधला आणि त्याला बारीक भोक पाडलं. मग पत्र्याच्या सावलीत सूर्याचा सेंटिमीटरभर लांबट ठिपका दिसतो. त्याच्या मधोमध खडूची खूण करायची. वेळ मात्र घड्याळातल्या बाराची नाही. या दिवसांत नागपूरचा सूर्य साधारण 12 वाजून 21 मिनिटांनी सर्वांत उंच येतो.

20-21 मार्चच्या सुमारास, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर येतो त्या वसंतसंपाताला, हा ठिपका दांड्यापासून सुमारे 39 सेंटिमीटरवर पडतो. दुसऱ्या दिवशी तो आठेक मिलिमीटर जवळ सरकतो, तिसऱ्या दिवशी आणखी तेवढाच. म्हणजे पंचांग एका दिवसाने चुकलं तर गच्चीवर ती चूक आठ मिलिमीटरची होते. ती फूटपट्टीनेही मोजता येते.

आता लीप वर्षाकडे वळू. एका वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंत 365 दिवस आणि जवळजवळ पावणेसहा तास लागतात. भारतीय वेळेनुसार 2024 चा संपात 20 मार्चला सकाळी 8:36 ला झाला. 2025 चा त्याच तारखेला दुपारी 2:31 ला, 2026 चा रात्री 8:16 ला, आणि 2027 चा थेट 21 मार्चच्या पहाटे 1:55 ला. दर वर्षी संपात सहा तासांच्या आसपास मागे पडत जातो. त्यामुळे त्याच तारखेचा आपला ठिपका दर वर्षी सुमारे दोन मिलिमीटर लांब पडतो. 2028 मध्ये 29 फेब्रुवारी येते आणि संपात पुन्हा 20 मार्चच्या सकाळी येतो. पण 8:36 ला नाही, 7:47 ला.

गंमत इथेच आहे. चार वर्षांत आपण पूर्ण 24 तास जोडले, पण लागत होते जेमतेम सव्वातेवीस. त्यामुळे दर चार वर्षांनी सरासरी 45 मिनिटं जास्त दिली जातात आणि संपात तेवढा अलीकडे येतो. ज्युलियस सीझरच्या पंचांगात ‘दर चौथं वर्ष लीप’ एवढाच नियम होता, त्यामुळे ही उधारी साचत गेली. शंभर वर्षांत पाऊण दिवसाहून थोडी जास्त. 325 सालच्या ख्रिस्ती धर्मसभेच्या काळात संपात 21 मार्चच्या सुमारास येत असे आणि ईस्टरच्या गणितात हीच तारीख धरली गेली. 1582 पर्यंत प्रत्यक्ष संपात 11 मार्चला येऊ लागला होता. आपल्या दांड्यावर दहा दिवस म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. एवढी चूक कोणाच्याही नजरेत भरेल.

लुइजी लिलिओ नावाच्या इटालियन वैद्याने सुचवलेला तोडगा हिशेबाला सोपा होता. 45 मिनिटांच्या हिशेबाने 400 वर्षांत 3 दिवस 3 तास जास्त होतात. मग 400 वर्षांत तीन लीप दिवस गाळून टाकायचे. कुठले? लक्षात ठेवायला सोपे म्हणून शतकाच्या शेवटचे. ज्या शतकवर्षाला 400 ने भाग जातो तेवढंच लीप, बाकीची साधी. म्हणून 1700, 1800, 1900 गळाली, 2000 राहिलं. साचलेले दहा दिवस एकदमच वळते केले: 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला. पुढे 1655 मध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चच्या छताला भोक ठेवून जमिनीवर 67 मीटरची रेषा आखली आणि हा हिशेब सूर्याच्याच ठिपक्यावर पडताळला. पद्धत आमच्या गच्चीवरचीच, उंची मात्र 27 मीटर.

128 वर्षांत एकच लीप दिवस गाळला असता तर हिशेब आणखी नेमका बसला असता. पण 128 चा पाढा कोण म्हणणार? चारशेच्या नियमात तीन तास उरतात, त्यांचा एक दिवस व्हायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. शिवाय पृथ्वीचं फिरणंही हळूहळू मंदावतंय, तेव्हा त्यासाठी आत्तापासून नियम करण्यात अर्थ नाही.

या सोपेपणाची एक किंमत मात्र आहे. 2000 साल लीप असल्यामुळे 1904 पासून 2096 पर्यंत एकही दिवस गळत नाही, आणि संपात सतत अलीकडे येत राहतो. भारतीय वेळेने 1903 चा संपात 22 मार्चला मध्यरात्रीनंतर झाला होता. 2096 चा 19 मार्चच्या संध्याकाळी असेल. दोन दिवसांहून जास्त फरक. मग 2100 मध्ये 28 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च येईल आणि संपात परत 20 तारखेच्या संध्याकाळी जाऊन बसेल.